डोळा कुठे होता? छायाचित्रावरून वास्तूचे शाईचित्र काढण्याविषयी

हातात जुन्या गावातल्या एखाद्या गल्लीचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे आणि त्यावरून काळ्या शाईचे, वास्तुरचनाकार काढतात तसे रेखाटन करायचे आहे, अशा वाचकासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. बहुतेक जण पहिला उपाय करतात तो गिरवण्याचा. फोटो काचेवर ठेवायचा, खालून दिवा लावायचा, वर कागद पसरायचा आणि दिसेल ती कड शाईने ओढायची. तासाभराने कागद उचलला की दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींवर झुकलेल्या दिसतात, विजेच्या तारांचे जाळे घरांपेक्षा ठळक झालेले असते आणि गल्लीचे पलीकडचे टोक शाईने बुजलेले असते. हात वाईट असतो म्हणून हे होत नाही. फोटो घेताना डोळा कुठे होता, कोणत्या उंचीवर होता आणि किती वर वळला होता, हे फोटोला विचारायचे राहून गेलेले असते. पर्स्पेक्टिव्ह, हॅचिंग आणि तपशिलाची निवड ही या विद्येची तीन अंगे मानली जातात. माझ्या मते तिन्ही या एकाच प्रश्नाच्या उत्तरातून निघतात, म्हणून पुढचे सगळे विवेचन त्याच धाग्याने केले आहे.

उदाहरण गाझियाबादचे घेऊ. दिल्लीच्या पूर्वेला, हिंडन नदीकाठचे हे शहर आज मेट्रो आणि उंच इमारतींसाठी ओळखले जाते, पण त्याच्या पोटात एक जुने गाव आहे. मोगल दरबारातला वजीर गाझीउद्दीन याने 1740 मध्ये ते वसवले. त्याने टोकदार कमानींच्या 120 खोल्यांची पक्की सराई बांधल्याची नोंद जिल्ह्याच्या इतिहासात आहे, आणि त्या गावाच्या वेशी दिल्ली गेट, डासना गेट, सिहानी गेट व जवाहर गेट या नावांनी अजून पत्त्यांमध्ये जिवंत आहेत. वेशीच्या आतली वस्ती दाट आहे. अरुंद रस्ता, खाली दुकानांची शटरे, वर दोन मजले, पुढे आलेले छज्जे, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. शाईच्या कामाला शिकवणारी जागा म्हणून मी नव्या सोसायट्यांपेक्षा ही गल्ली निवडेन, कारण येथे फोटोच्या सगळ्या खोडी एकत्र सापडतात.

यंत्राने टिपलेल्या दृश्यावरून चित्र करणे ही गोष्ट मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे 1786 मध्ये हिंदुस्थानात आले आणि त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या इमारती कॅमेरा ऑब्स्क्युराच्या मदतीने रेखाटल्या. त्या पेटीत भिंगातून पडणारी प्रतिमा कागदावर गिरवता येत असे. त्याच सुमारास पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार काम करत होता. पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली तो युरोपीय पद्धतीचे रेखाटन शिकला आणि वेरूळच्या लेण्यांची शाईची चित्रे त्याने काढली. त्यांतली कित्येक आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टच्या संग्रहात आहेत. मराठी वाचकाने या विद्येकडे परके म्हणून पाहू नये, एवढ्यासाठी गंगारामाचे नाव येथे घेतले. डोळ्यासमोरच्या दगडातून कोणती रेघ घ्यायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न आपल्याही पुढे आहे. आपल्या बाबतीत मध्ये फोटो आला आहे, इतकाच फरक.

आता त्या गल्लीचा फोटो समोर ठेवू. तो उभा आहे आणि मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने घेतला आहे. गल्ली 12 फूट रुंद, दोन्ही बाजूंना तिमजली घरे, प्रत्येक मजला साधारण 10 फुटांचा. फोटो काढणारी व्यक्ती गल्लीच्या मधोमध उभी आहे, मोबाइल डोळ्यासमोर, म्हणजे जमिनीपासून 5 फुटांवर आहे, आणि गच्चीचे कठडे चौकटीत यावेत म्हणून तिने तो जरासा वर कलवला आहे. फोटोची 18 सेंटीमीटर रुंद आणि 24 सेंटीमीटर उंच अशी प्रिंट काढून घेतली आहे. हा आकार मुद्दाम घेतला, कारण त्याचा कर्ण बरोबर 30 सेंटीमीटर येतो. मोबाइलच्या माहितीत भिंग 26 मिलीमीटरच्या तोडीचे म्हणून दिलेले असते. ही तुलना जुन्या फिल्मच्या चौकटीशी असते आणि तिचा कर्ण सुमारे 43 मिलीमीटर. त्या प्रमाणात आपल्या प्रिंटसाठी डोळ्याचे अंतर 18 सेंटीमीटर येते. म्हणजे ही प्रिंट एका डोळ्याने, त्या डोळ्यापासून 18 सेंटीमीटरवर धरून पाहिली तरच गल्ली प्रत्यक्षात दिसली तशी दिसेल. आपण पाहतो हातभर लांबून, म्हणून कडेच्या वस्तू ताणलेल्या वाटतात. हा ताण खरोखर कागदावर असतो. कोपऱ्यात आलेली गोल टाकी कोपऱ्याच्या दिशेने सुमारे 30 टक्के लांबट झालेली असते, डाव्या-उजव्या कडेच्या मध्यावर हाच ताण 12 टक्क्यांच्या आसपास असतो. टाकी गिरवली तर ती अंड्यासारखी येते. रेखाटनात ती गोलच काढावी, किंवा तो कोपरा सोडून द्यावा.

पुढची पायरी नजरेची पातळी शोधण्याची. मोबाइल सरळ धरला असता तर ती फोटोच्या बरोबर मध्यावर आली असती. वर कलवल्यामुळे ती खाली सरकली आहे. कल 10 अंशांचा असेल तर आपल्या प्रिंटवर ती मध्यापासून 3.2 सेंटीमीटर खाली, म्हणजे तळाच्या कडेपासून 8.8 सेंटीमीटर वर येते. कल किती होता हे कोणी लिहून ठेवत नाही, पण फोटोच ते सांगतो. गल्लीत सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या, आपल्याइतक्या उंचीच्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत की दूर, एकाच आडव्या रेघेवर येतात. ती रेघ हीच नजरेची पातळी. माणसे नसतील तर शटरांच्या वरच्या कडा, छज्ज्यांचे तळ, ओट्यांच्या कडा पेन्सिलीने मागे वाढवाव्यात. एकाच घराच्या आडव्या रेघा जिथे मिळतात तो त्या घराचा लोपबिंदू, आणि तो याच पातळीवर असतो.

येथेच नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत होते. पुस्तकात एका लोपबिंदूचे चित्र पाहिलेले असते, म्हणून तो गल्लीतली सगळी घरे एकाच बिंदूकडे ओढतो. रेखाटन लगेच बोगद्यासारखे दिसू लागते. जुन्या गावातली घरे एकाच वेळी, एका दोरीत बांधलेली नसतात. एक घर दोन अंशांनी तिरके असते, दुसरे पाच, गल्ली पुढे वळते. प्रत्येक घराला आपला लोपबिंदू असतो आणि हे सगळे बिंदू त्या एका आडव्या रेघेवर पसरलेले असतात. बिंदू वेगळे, पातळी एक, हे एवढे सांभाळले की गल्लीचे वाकणे आपोआप दिसते. रस्ता चढाचा असेल तर मात्र त्याच्या कडांचा बिंदू पातळीच्या वर जातो आणि उताराचा असेल तर खाली. घरांच्या आडव्या रेघा तरीही पातळीवरच मिळतात, कारण बांधणाऱ्याने स्लॅब समतल टाकलेला असतो.

आता झुकलेल्या भिंती. वर कलवलेल्या कॅमेऱ्यात उभ्या रेघांनाही लोपबिंदू मिळतो. आपल्या उदाहरणात तो प्रिंटच्या मध्यापासून सुमारे एक मीटर वर आहे, म्हणून कडेची भिंत तळापासून माथ्यापर्यंत जाताना सुमारे 2 सेंटीमीटर आत येते. पट्टी लावून हे दोन सेंटीमीटर स्वतः मोजून पाहावेत, म्हणजे शंका राहत नाही. वास्तुचित्रात उभी रेघ उभीच काढण्याचा रिवाज आहे, कारण गल्लीत उभा असलेला माणूस भिंती पडताहेत असे कधीच अनुभवत नाही. पण फक्त भिंती सरळ करून मजले फोटोतल्याच उंचीवर ठेवले तर वरचा मजला चेपलेला दिसतो. फोटोच्या वरच्या कडेवरचा बिंदू भिंत सरळ केल्यावर जवळजवळ 2 सेंटीमीटर आणखी वर जायला हवा. हा हिशेब प्रत्येक खिडकीसाठी करत बसायची गरज नाही. त्यासाठी एक सोपा गज आपल्याकडे आधीच आहे.

तो गज म्हणजे डोळ्याची उंची. सपाट गल्लीत कुठल्याही भिंतीच्या पायथ्यापासून नजरेच्या पातळीपर्यंतचे कागदावरचे अंतर म्हणजे प्रत्यक्षातले 5 फूट. आपल्यापासून 36 फुटांवरच्या घराचा कोपरा घ्या. तेथे हे अंतर 2.5 सेंटीमीटर येते. मग 10 फुटांचा मजला 5 सेंटीमीटरचा, आणि तिमजली घर पायथ्यापासून 15 सेंटीमीटर उंच. तीन खुणा केल्या, त्या घराच्या लोपबिंदूला जोडल्या की त्याचे तिन्ही मजले बसले. आणखी दूर, 72 फुटांवरच्या घरात तोच गज सव्वा सेंटीमीटरचा होतो आणि मजला अडीच सेंटीमीटरचा. फोटोकडे आता फक्त खिडक्या किती आणि कोणत्या क्रमाने आहेत एवढे पाहण्यासाठी वळायचे. त्याची तिरपी भूमिती मागे राहिलेली असते.

कमान आली की एक वेगळी काळजी. दिल्ली गेटसारख्या वेशीची किंवा सराईतल्या खोलीची कमान तिरकी दिसत असेल तर तिचे शिखर कागदावरच्या रुंदीच्या मध्यावर येत नाही. कमानीभोवतीचा चौकोन आधी पर्स्पेक्टिव्हमध्ये काढावा, त्याचे दोन कर्ण ओढावेत आणि ते छेदतात तेथून उभी रेघ घ्यावी. शिखर त्या रेघेवर. ती रेघ दूरच्या बाजूकडे सरकलेली असते, त्यामुळे जवळचा अर्धा भाग रुंद आणि लांबचा अरुंद दिसतो. शिखर मोजून मध्यावर ठेवले तर कमान भिंतीतून सुटून आपल्याकडे वळल्यासारखी दिसते. मांडणी बरोबर झाली की नाही हे तपासायची हीच खूण.

एवढे सगळे पेन्सिलीत, हलक्या हाताने. शाई त्यानंतर येते, आणि तिच्याबरोबर प्रकाशाचा प्रश्न. दिल्लीच्या परिसरातला हिवाळ्याचा फोटो बहुधा धुरकट असतो. सावल्या विरघळलेल्या, आकाश करडे, भिंती करड्या. त्यावरून छटा नकलून काही हाती लागत नाही. पण डोळा कुठे होता हे जसे शोधले तसे सूर्य कुठे होता हेही मांडता येते. समजा फोटो डिसेंबरात सकाळी दहाला, उत्तरेकडे तोंड करून घेतला. गाझियाबादेत तेव्हा सूर्य क्षितिजापासून साधारण 28 अंश वर आणि आग्नेयेकडे असतो. डाव्या बाजूच्या घरांची तोंडे पूर्वेला, म्हणजे ऊन त्यांच्यावर. उजव्या बाजूची पूर्ण सावलीत. मात्र गल्ली 12 फुटांची आणि समोरची घरे 30 फुटांची, त्यामुळे समोरच्या घरांची सावली डाव्या भिंतीवर जवळजवळ 19 फुटांपर्यंत चढते. ऊन फक्त वरच्या मजल्यावर उरते, आणि तेथेही दोन फूट पुढे आलेला छज्जा आपल्याखाली जवळजवळ दोन फुटांची सावली टाकतो. गल्ली सरळ असेल तेथे या मोठ्या सावलीची कड लोपबिंदूकडेच जाते, कारण ती समोरच्या कठड्याची सावली आहे आणि कठडा गल्लीला समांतर आहे. समोरची घरे कमी-अधिक उंचीची असली की ती कड पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, आणि समोरच्या घरांच्या उंचीतला चढउतार एका रेघेत कळतो. मला या विद्येतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

झाल्या तीन छटा. डाव्या घरांचा वरचा मजला आणि आकाश कोरा कागद, डाव्या भिंतीचा खालचा भाग मध्यम, उजवी बाजू गडद. शिवाय दुकानांची आतली पोकळी आणि छज्ज्यांचे तळ जवळजवळ काळे, पण ते थोडे ठिकाणी. यापेक्षा जास्त छटा शाईच्या रेखाटनात सांभाळता येत नाहीत आणि त्यांची गरजही पडत नाही.

या छटा हॅचिंगने द्यायच्या तेव्हा रेघेची जाडी आणि अंतर यांचा हिशेब सरळ आहे. 0.3 च्या पेनाने 1 मिलीमीटर अंतरावर रेघा ओढल्या तर कागदाचा सुमारे 30 टक्के भाग काळा होतो. त्याच मापाचा दुसरा थर आडवा टाकला तर 50 टक्क्यांच्या थोडे वर जातो, दुप्पट नाही, कारण रेघा एकमेकींवरून जातात. तिसऱ्या थराने दोन-तृतीयांशच्या आसपास. म्हणून डाव्या खालच्या भिंतीला एक थर, उजवीला दोन, आणि पोकळ्यांना तीन किंवा सरळ ब्रशने शाई. दूरच्या घरांना 0.1 चे पेन घ्यावे, अंतर तेच ठेवावे. हिवाळ्यातले धुके आपोआप उतरते. सगळी गल्ली एकाच जाडीत केली तर टोकाचे घर पुढे येऊन उभे राहते.

रेघांची दिशा पृष्ठभागानुसार ठरवावी. भिंतीला उभ्या रेघा, रस्त्याला आडव्या, छज्ज्याच्या तळाला लोपबिंदूकडे जाणाऱ्या. दुसरा थर पहिल्याला काटकोनात न टाकता थोडा तिरका टाकला तर चौकटीची जाळी दिसत नाही. रेघ सावलीच्या कडेपाशी नेमकी थांबली पाहिजे आणि त्या कडेला वेगळी बाह्यरेषा नको. कड हॅचिंगच्या टोकांनीच बनू द्यावी. बाह्यरेषा घातली की सावली भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या कागदासारखी दिसते.

मोबाइलमधल्या फोटोचे स्केच करून देणाऱ्या फिल्टरशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. फिल्टर उजेडातला फरक शोधतो आणि तेथे रेघ ओढतो. सावलीची कड त्याला भिंतीच्या कोपऱ्याइतकीच ठळक वाटते, तारेचीही वाटते. उलट दोन भिंती सारख्याच सावलीत मिळत असतील तर तेथला कोपरा त्याला दिसतच नाही, कारण तेथे उजेड बदलत नाही. घराचा आकार मात्र त्या कोपऱ्यावरच उभा असतो. तयार रेखाटनात असे हरवलेले कोपरे आणि फुगलेल्या तारा दिसल्या की ते कसे झाले हे ओळखता येते.

तपशील किती घ्यायचा याचे उत्तरही अंतरच देते. विटांची भिंत पाहा. आपल्याकडच्या तीन इंची थरांच्या विटांचे 10 फुटांत 40 थर बसतात. 36 फुटांवर मजला 5 सेंटीमीटरचा, म्हणजे एक थर सव्वा मिलीमीटरचा, 0.1 च्या पेनाने निघेल, पण ओढत बसलात तर सगळ्या भिंतीवर छटा चढते आणि उन्हाच्या मजल्याचा कोरा कागद नाहीसा होतो. 72 फुटांवर थर सहा दशांश मिलीमीटरचा, तेथे 0.3 ची रेघ अर्धी भिंत काळी करते. म्हणून विटा जवळच्या घरावर, तेही सावलीची कड जाते तेथे आणि प्लॅस्टर उखडले आहे तेथे, दहा-बारांच्या ठिगळांत दाखवाव्यात. बाकीची भिंत डोळा स्वतः भरून घेतो. शटरांच्या पट्ट्यांना हाच नियम. पाट्यांवरची अक्षरे पर्स्पेक्टिव्हमध्ये चार-पाच आडव्या तुटक रेघांनी सुचवावीत. वाचता येतील अशी लिहिली की नजर घरांऐवजी तेथेच अडकते.

तारांचे काय? गाझियाबादच्या जुन्या वस्तीत त्या गाळून टाकणे अप्रामाणिक ठरेल, त्या गल्लीच्या छताचाच भाग आहेत. पण सगळ्या काढल्या तर आकाशाचा कोरा कागद तुकड्यांत वाटला जातो. मी त्यांतल्या अशा चार-पाच निवडेन ज्या गल्ली ओलांडून जातात, कारण त्या रुंदी सांगतात. गल्लीच्या लांबीला जाणाऱ्यांपैकी फक्त खांबाजवळचा गुंता घ्यावा. तारेला आपल्या वजनाने पडलेला झोल असतो. ती पट्टीने ओढू नये. उन्हातल्या भिंतीसमोरून जाणारी तार 0.1 ने, आणि हॅचिंग केलेल्या भागात शिरली की तेथेच तुटू द्यावी.

या पद्धतीच्या मर्यादा सुरुवातीलाच माहीत असाव्यात. येथे 5 फूट, 10 फूट, 12 फूट ही मापे आपण धरली. असे रेखाटन गल्लीचे स्वरूप खरे दाखवते, पण त्यावरून घराचे माप काढता येत नाही. त्यासाठी टेप घेऊन गल्लीतच जावे लागते. फोटो आधीच कापलेला असेल तर त्याचा मध्य कुठे होता हे कळत नाही आणि 18 सेंटीमीटरचा हिशेब मोडतो. अशा वेळी फक्त लोपबिंदूंवर आणि डोळ्याच्या उंचीच्या गजावर विसंबावे. अतिरुंद भिंगाचा फोटो या कामाला घेऊच नये, त्यात सरळ रेघाही वाकलेल्या असू शकतात. पट्टी लावली की स्लॅबची कड मध्ये फुगलेली सापडते. आणि चित्र छापायला लहान करणार असाल तर आधी निम्म्या आकाराची फोटोकॉपी काढून पाहावी. 0.1 च्या रेघा तुटू लागतात आणि तिहेरी थर बुजतात. तेथे मूळ चित्रातच एक थर कमी ठेवावा लागतो, आणि कोणता, हे त्या फोटोकॉपीवर लगेच दिसते.